सर्व्हेतला बीपीचा आकडा फुगवलेला आहे का?

रानवारा:
२०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात १८ ते ६९ वयातल्या २८.५ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं निघालं. एका दिवशी दारात अनोळखी माणूस मशीन घेऊन आला की कुणाचंही बीपी वाढणारच ना? मला तरी हा आकडा फुगवलेला वाटतो. तुमचं मत?

संध्या_फील्ड:
मी अशा सर्व्हेत घरोघरी फिरलेय म्हणून लिहिते. तुम्ही म्हणता ती भीती पद्धत ठरवणाऱ्यांनाही होती, म्हणून तर एका माणसाचं बीपी तीनदा घेतात, आधी पंधरा मिनिटं शांत बसवायचं, मग दर वेळी मध्ये तीन मिनिटं थांबायचं, आणि पहिलं रीडिंग हिशोबात धरायचंच नाही. एका काकांचं पहिलं आलं १५२/९४, दुसरं १३८/८८, तिसरं १३४/८६. शेवटच्या दोघांची सरासरी १३६/८७, म्हणजे १४०/९० च्या आत, म्हणजे काका "वाढलेलं" मध्ये गेलेच नाहीत. पहिल्यावरच थांबले असते तर गेले असते.

पेठेतला:
पण मग तिन्हींची सरासरी का नको? एक रीडिंग टाकून देणं म्हणजे आकडा मुद्दाम कमी करणं झालं.

संध्या_फील्ड:
तिन्हींची काढून बघा, १४१ च्या वर येते, एवढ्यावरून काका आजारी ठरतात. पहिल्या रीडिंगला दचकलेपणा असतो, तो माणसाचा खरा आकडा नाही.

रानवारा:
ठीक, पण तरी एकाच दिवसाचं मोजमाप आहे.

संध्या_फील्ड:
हो, तेवढं तुमचं खरं आहे. पण त्या २८.५ मध्ये गोळी चालू असलेले लोकही धरलेत, आज बीपी १२४/७८ असलं तरी. ती माणसं दवाखान्यात आधीच सापडलेली असतात, ती वगळली तर औषधांनी बीपी ताब्यात ठेवणाऱ्या गावात आजारच नाही असं दिसेल. त्याच सर्व्हेत बीपी वाढलेल्या शंभरातल्या २८ जणांनाच आपल्याला ते आहे हे माहीत होतं, साधारण १४-१५ जणच औषध घेत होते. मला झोप उडवणारा आकडा हा वाटतो.

मावशी_सातारा:
माझं मागच्या वर्षी असंच सर्व्हेत १४८ आलं होतं, मी गोळी सुरू करू का? शेजारीण म्हणते एकदा सुरू केली की सुटत नाही.

संध्या_फील्ड:
मावशी, एका दिवसाच्या मोजणीवर गोळी सुरू करू नका, आणि वर्षभर तसंच सोडूनही देऊ नका. आरोग्य केंद्रात वेगळ्या दिवशी परत मोजून घ्या, डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगा. सर्व्हे समाजाचा अंदाज सांगतो, तुमचं निदान करत नाही.

पेठेतला:
बीपी तरी मशीन सांगतं. तंबाखू-दारूची उत्तरं लोक खोटीच देतात, ते आकडे कचऱ्यात टाका.

संध्या_फील्ड:
खोटं बोलण्यापेक्षा प्रश्न चुकतो हो. एका घरी आजींना विचारलं, तंबाखू खाता का? "छे, माझ्या घरात कुणी खात नाही." आणि कोनाड्यात मिश्रीची डबी! आजींच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायचं. म्हणून चित्रं दाखवून मिश्री, गुटखा, मावा असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले, नुसतं "सिगारेट ओढता का" विचारलं असतं तर आपलं राज्य निर्व्यसनी ठरलं असतं.

दारूतही तेच. माणूस म्हणतो एक क्वार्टर घेतली, नवखी पोरं एक पेय लिहितात. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि सर्व्हेचं एक पेय दहा ग्रॅमचं, म्हणजे ती सहा पेयं झाली, आणि सहापासून एका बैठकीतलं अतिमद्यपान धरतात.

रानवारा:
मग कुणी घरी बसून फॉर्म भरला तर कळतं कसं?

संध्या_फील्ड:
डिजिटल मशीनचे शेवटचे अंक विखुरलेले येतात. एकाच पोराच्या फॉर्मवर सगळं १२०/८०, १३०/९० असं शून्यावर संपलेलं दिसलं की आम्ही त्या घरांत परत जातो.

शिवारातला:
सगळं पटलं, एक नाही. ९८.४ टक्के लोक फळं-भाज्या कमी खातात म्हणे, म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅमपेक्षा कमी. जवळजवळ सगळेच नापास होत असतील तर त्या आकड्यातून कोणतं गाव जास्त अडचणीत हे कळणार कसं? आमच्याकडे उन्हाळ्यात पालेभाजीच नसते, आणि बटाटा तर मोजतच नाहीत.

संध्या_फील्ड:
तुमचा मुद्दा बरोबर आहे. ऋतूचा घोळ मीही पाहिलाय, "नेहमीचा आठवडा" विचारला की लोक गेल्या आठवड्याचंच सांगतात. टक्क्यापेक्षा सरासरी किती वाट्या खाल्ल्या ते बघावं असं माझं मत आहे, पण वाटी सगळ्यांची सारखी नसते तिथे मी पण अडते.