मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटचं कुलूप बदलायला मालकांना कसं सांगू?

पाऊसवेडी
कोथरूडला टू बीएचके भाड्याने घेतलाय. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, एक तारखेपासून मी आणि मैत्रीण राहायला जातोय. आधी तिथे कॉलेजची मुलं होती. एजंटने मेन डोअरच्या दोन चाव्या दिल्या, त्यातली एक कंपनीची आणि दुसरी सरळसरळ चावीवाल्याकडून करून घेतलेली. मग कंपनीच्या बाकीच्या गेल्या कुठे? शिवाय आमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेली एक चावी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकतेय.

मालक नाशिकला असतात, माणूस चांगला आहे. फोनवर म्हणाले, "अगं, सगळ्या चाव्या परत आल्यात, हवं तर लिहून देतो." तेवढ्यावर भागेल का? की कुलूपच बदलून मागू? खर्च कोणाचा? आणि काका दुखावणार नाहीत असं कसं बोलू?

नियमावली
आग्रह धरता येणार नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी असते. चावी ठेवणं हा त्यांचा हक्क. लेखी घ्या आणि विषय संपवा.

आजोळ
चावी हरवली असेल तर आधी पोलिसांत कळवा, आमच्या सोसायटीत तसंच करतात.

पाऊसवेडी
हरवली नाहीये हो, जास्तीच्या असतील ही भीती आहे.

हातोडी_छिन्नी
दुकानात रोज कुलपंच विकतो म्हणून सांगतो. मालक लिहून देतील ते त्यांना ठाऊक असलेल्या चाव्यांबद्दल. मुलांनी मित्राला, कामवाल्या मावशींना किंवा डबेवाल्याला करून दिलेली चावी त्यांना कशी कळणार? खड्ड्याखड्ड्यांच्या कॉम्प्युटर चावीचीही हल्ली मशीनवर नक्कल निघते. त्यामुळे "डुप्लिकेट नाही" याची खात्री जुन्या कुलपाबाबत कोणीच देऊ शकत नाही, नव्याबाबतच देता येते. नियमावली म्हणतात ते ताब्याबद्दल ठीक आहे, पण त्याचा अर्थ मालक न सांगता कधीही आत शिरू शकतो असा होत नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाहणीचं कलम असेल, ते वाचा. बहुतेक मसुद्यांत आधी कळवून यायचं असतं.

आता कुलूप कोणतं आहे ते सांगा. दाराला आतून लावलेली पेटी आहे, की हँडलखाली चावीचं भोक आहे?

पाऊसवेडी
हँडलखाली भोक, आतूनही चावीच लागते.

हातोडी_छिन्नी
मग काम सोपं आहे. अख्खं कुलूप नको, फक्त सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो आतला पीस, बदला. दार उघडं ठेवून त्याच्या कडेला, पट्टीवर चावीच्या भोकाच्या रेषेत एक लांब स्क्रू दिसेल. तो काढा, चावी घालून जराशी फिरवा, म्हणजे मधली जीभ सरळ होते आणि सिलिंडर बाहेर सरकतो. हाच जुना पीस दुकानात न्या. माप स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंना वेगळं घ्यायचं असतं, ३०-३० किंवा ३०-४० मिलिमीटर असं. बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येणारा घेऊ नका, पकडीने धरून मोडता येतो. आणि आत चावी राहिली तरी बाहेरून उघडतो का, हेही विचारा. स्वस्तातल्या काहींत उघडत नाही.

चाव्यांचं पाकीट सीलबंद असतं. ते एजंटसमोर फोडा, चाव्या मोजा, फोटो काढा. बसवल्यावर जुन्या दोन्ही चाव्या घालून बघा, एकही फिरता कामा नये. जुना सिलिंडर फेकू नका, घर सोडताना तोच परत बसवा. म्हणजे खर्च तुम्ही केलात तरी मालकांचं काही जात नाही आणि नवा पुढच्या घरी कदाचित चालेल.

पाऊसवेडी
हे फारच कामाचं. असा मेसेज टाकू का? "काका, नमस्कार. चाव्या आधी बऱ्याच हातांत फिरल्या असतील, म्हणून मेन डोअरचा फक्त सिलिंडर बदलावा असं वाटतं. दाराला काही होणार नाही, खर्च आम्ही करू, जुना जपून ठेवू. वॉचमनकडची चावी परत घ्यायला तुम्ही सांगाल का?"

दारावरची_पाटी
मी घरमालक आहे, म्हणून त्या बाजूने. मेसेज छान आहे, पण काका पहिला प्रश्न विचारतील, "माझी चावी?" आमच्याकडे भाडेकरू गावी असताना नळ फुटला आणि खालच्यांच्या घरी पाणी गेलं, तेव्हा चावीअभावी दार तोडावं लागलं. मी आता एक चावी लिफाफ्यात घेतो, तोंडावर भाडेकरूची सही. सही फाटली तर तो विचारू शकतो.

नियमावली
खर्च मात्र मालकाचाच असायला हवा, कुलूप घराचं आहे.

हातोडी_छिन्नी
हजारभर रुपयांसाठी नातं ताणायचं का, तुम्हीच ठरवा.

पाऊसवेडी
काकांचं उत्तर आलं. सिलिंडरला हो म्हणाले, निम्मे पैसेही देतो म्हणाले. वॉचमनला फोन करतील. पण लिफाफा नको, मोकळी चावी हवी आणि ती एजंटकडे ठेवायची म्हणतात. एजंटकडे द्यायला मन धजत नाही. नाशिकला कुरियरने लिफाफा पाठवते असं सुचवू का? आणि जाळीच्या दाराला साधी कडी आणि टाळं आहे, ते आमचंच नवं लावलं तर चालेल ना?