मदत हवी आहे: ‘महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी नऊ’ क्रॉनटॅबमध्ये कसा लिहायचा?

‘दर सोमवारी सकाळी नऊ’साठी `0 9 * * 1` व्यवस्थित चालतंय. आता तोच रिपोर्ट फक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी हवा आहे. `0 9 1-7 * 1` लिहिलं, तर 1 ते 7 तारखेला रोज आणि वर प्रत्येक सोमवारीही चालला. तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन ‘किंवा’ धरतो, हे मॅन्युअलमध्ये नंतर सापडलं. म्हणून वाराची तपासणी कमांडमध्ये घेतली:

```
0 9 1-7 * * [ "$(date +%u)" = 1 ] && $HOME/report.sh
```

कमांडचा भाग टर्मिनलवर नीट चालतो, क्रॉनमधून मात्र सिंटॅक्स एररचा मेल येतो. उबुंटू, टाइमझोन Asia/Kolkata, रूट परवानगी नाही, स्क्रिप्ट बदलता येत नाही. `%` मुळे ओळ तुटते का, आणि तसं असेल तर क्रॉनटॅबमध्ये ते नेमकं कसं लिहायचं?