स्वप्नं म्हणजे मेंदूची नुसती खळबळ?

प्रसाद: मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आजी म्हणायची. आता वाचतो की स्वप्नं म्हणजे मेंदूची निव्वळ खळबळ. मग पहाटेचीच का आठवतात?

निखिल: खळबळच. 1977 मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी हेच मांडलं. पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात त्या रेम झोपेत मेंदूच्या बुंध्यातून संकेत सुटतात आणि वरचा मेंदू त्यातून जमेल तशी गोष्ट जुळवतो. रेम नाही, तर स्वप्न नाही. अर्थ शोधू नये.

रात्रपाळी: मी झोपेच्या तपासणीचं काम करते. निखिल, रेमचं म्हणणं टिकत नाही. रेम नसताना उठवलेली माणसंही स्वप्नं सांगतात. मार्क सोल्म्स यांनी 1997 मध्ये असे रुग्ण मांडले, ज्यांचा बुंधा शाबूत होता, पण कपाळामागच्या खोल तंतूंना इजा झाल्यावर स्वप्नं बंद पडली. त्याच तंतूंतून आपली ओढ, इच्छा चालते. आजीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडू नका.
प्रसाद, झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं. पहिल्यात रेम काही मिनिटांचीच, पहाटे मात्र अर्ध्या तासापर्यंत लांबते. त्यातच दूधवाल्याची बेल वाजली, की स्वप्न ताजं हाती लागतं.

सुनंदा: आमचे हे 64 वर्षांचे. चार वाजता ओरडतात, लाथा झाडतात. परवा टेबललॅम्प फुटला. उठवल्यावर म्हणाले, कुत्रं हाकलत होतो. झोपेत चालण्याचाच प्रकार ना?

रात्रपाळी: नाही ताई, वेगळा वाटतो. झोपेत चालणं बहुधा रात्रीच्या सुरुवातीला होतं आणि त्यातलं फारसं आठवत नाही. यांना पहाटे झालं आणि कुत्रं आठवलं. रेममध्ये बुंधा हातापायांचे स्नायू सैल पाडतो, श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू ठेवतो. मिशेल जूवे यांनी मांजरांमध्ये हा अडसर काढला, तर ती झोपेतच शिकारीसारखी दबा धरू लागली. माणसांतला असा विकार 1986 मध्ये शेंक आणि माहोवाल्ड यांनी नोंदवला. न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं, म्हणून चालू औषधांची यादी न्या. काहींमध्ये पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स दिसतो, सगळ्यांमध्ये नाही. रात्रभराच्या तपासणीत हनुवटीवरच्या तारेत रेममध्येही स्नायू ताठ दिसले, तर निदान पक्कं होतं.

निखिल: पण सोल्म्सच्या रुग्णांची स्वप्नं थांबली, की आठवायची थांबली?

रात्रपाळी: हा आक्षेप रास्त आहे. माणूस उठून सांगतो तेवढंच आपल्या हाती असतं. म्हणूनच सुनंदाताईंच्या यजमानांसारखी माणसं मोलाची: स्वप्न घडतानाच अंगातून दिसतं. पण त्यावरून स्वप्न कशासाठी पडतं, हे ठरत नाही.

सुनंदा: रक्तदाबाची एकच गोळी चालू आहे. आज गादी जमिनीवर घातली, लॅम्प बाहेर ठेवला. सोमवारची वेळ घेतलीय.