अनुभव धागा: बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम – मधलं पॅकेज बसवायचं कसं?

धागाकर्ती: सेवा विकणाऱ्यांसाठी हा धागा आहे. तीन पॅकेजं ठेवल्यावर क्लायंटने मधलं घ्यावं, ते त्याला पुरावं आणि आपल्यालाही परवडावं, यासाठी तुम्ही आकडे कसे मांडता? किस्से नकोत, कृती सांगा.

वेबसाइटवाला: आधी मधलं बांधा. बहुतेकांना खरोखर काय लागतं ते त्यात घाला, मग काढून बेसिक करा आणि घालून प्रीमियम. बेसिकपासून चढत गेलात तर मधल्यात उगाच भरताड होते.

उदाहरणार्थ, स्टँडर्डमध्ये सहा पानं आणि करेक्शनच्या दोन फेऱ्या. बोलणी, मांडणी, होस्टिंग, बिलं यांचे १० तास, पानाला ४ प्रमाणे २४ आणि फेऱ्यांचे ६, असे ४० तास होतात. त्याचा भाव १०० धरा. बेसिकमध्ये तीन पानं, एक फेरी. पानं निम्मी झाली म्हणून भाव ५० लावला की फसलात, कारण पहिले १० तास तसेच राहतात. १० अधिक १२ अधिक कमी पानांच्या एका फेरीचे २, म्हणजे २४ तास. ५० ला दिलंत तर तासाचा भाव सहाव्या हिश्शाने घटतो, ६० ला दिलंत तर स्टँडर्डइतकाच पडतो. प्रीमियमला बारा पानं, तीन फेऱ्या आणि तीन महिने किरकोळ बदल. हे ८२ तासांच्या आसपास जातं, भाव २१०.

नवखा: पण प्रीमियम तर नुसतं दाखवायला असतं ना? ते बघून मधलं स्वस्त वाटतं. मग त्यात काहीही लिहिलं तरी चालेल.

हिशेबनीस: प्रीमियम बघून मधलं स्वस्त वाटतं, हे बरंचसं बरोबर आहे. सायमनसन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी १९९२ मध्ये छापलेल्या प्रयोगात सुमारे १७० आणि २४० डॉलरचे दोन कॅमेरे ठेवले, तेव्हा निवड निम्मी-निम्मी झाली. ४७० डॉलरचा तिसरा ठेवल्यावर मधला ५७ टक्क्यांनी निवडला. पण महागडाही २१ टक्क्यांनी निवडलाच. म्हणून प्रीमियममध्ये जे लिहाल ते करून द्यायची तयारी हवी. 'कितीही करेक्शन' असं तर चुकूनही लिहू नका. एका क्लायंटने ते शब्दशः घेतलं की सगळे तास तिथेच जातात.

शिवाय कॅमेरा तयार वस्तू आहे. सेवेत क्लायंटला आपल्याला काय लागेल हेच पुष्कळदा ठाऊक नसतं, त्यामुळे तेवढ्याच टक्केवारीची अपेक्षा धरू नये.

अनुवादक: माझं दुखणं वेगळं. आमचा दर शब्दावर. बेसिक म्हणजे काय, चुका ठेवून अनुवाद द्यायचा?

वेबसाइटवाला: मुळीच नाही. दर्जा तिन्हींत एकच ठेवा. क्लायंटला मोजता येईल तेवढंच कमी-जास्त करा: मुदत, फेऱ्या, दुसऱ्या माणसाकडून तपासणी. बेसिक घेतलेल्याचंही काम पूर्ण झालं पाहिजे. मुद्दाम लंगडं बेसिक ठेवलं की तो चिडतो, आणि ते बरोबरच आहे.

अनुवादक: मुदतीचं पटलं. पण दुसरी तपासणी आमच्याकडे अनेकांना मुळातच हवी असते, ती प्रीमियममध्ये ढकलणं मनाला पटत नाही.

हिशेबनीस: मग ती स्टँडर्डमध्येच घ्या आणि तिचे तास भावात धरा. मधलं दोघांना परवडायचं म्हणजे हेच.

फोटोवाली: सगळे बेसिकच घेतात, त्याचं काय?

वेबसाइटवाला: बेसिकमध्ये काय जास्त झालंय ते बघा. दोन ओळी शेजारी ठेवून 'वरच्या भावात नेमकं काय वाढलं?' हे क्लायंटला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर तो खालचंच घेणार. आणि सुट्या वाढीचे भाव कोटेशनमध्येच लिहा. वरच्या उदाहरणात बेसिक ते स्टँडर्ड फरक ४० आहे. सुटं पान १२ आणि सुटी फेरी ८ ठेवली, तर तीन पानं आणि एक फेरी यांचे ४४ होतात. एकच पान हवं असेल तर सुटं घेणं स्वस्त. सगळं हवं असेल तर स्टँडर्ड स्वस्त. हे भाव लिहिलेले नसले की 'एवढं तर होऊन जाईल' म्हणत बेसिकच्या पैशात स्टँडर्ड करून द्यावं लागतं.

फोटोवाली: आणि सगळेच प्रीमियम घेऊ लागले तर?

हिशेबनीस: प्रीमियम स्वस्त पडतंय. आधी तास पुन्हा मोजा, मग भाव.

नवखा: कोटेशनमध्ये प्रीमियम वर लिहायचं की खाली?

वेबसाइटवाला: वर. मोठा आकडा आधी दिसला की मधला सुसह्य वाटतो.

अनुवादक: असहमत. नव्या क्लायंटला पहिल्याच ओळीत मोठा आकडा दिसला तर तो पुढचं वाचतच नाही. आधी त्याची गरज विचारावी, मग तक्ता पाठवावा.

धागाकर्ती: गरज विचारल्यावरही तीन पॅकेजं पाठवायची, की जुळणारं एकच? यावर कुणी लिहील का?