शब्दचर्चा : ‘वेटिंग टाइम’ला मराठीत ‘प्रतीक्षा’ म्हणावं की ‘खोळंबा’?

नांदेडहून, विचारणारी : ऑपरेटिंग सिस्टीमच्या शेड्युलिंगच्या धड्याची टिपणं मराठीत लिहीत आहे. ‘वेटिंग टाइम’साठी ‘प्रतीक्षा काळ’ लिहिलं. मात्र राउंड रॉबिनची गणितं सोडवून घेताना मुलं सारखी एकाच ठिकाणी चुकतात, आणि चूक शब्दामुळे होते असं वाटू लागलंय. सरावाचं उदाहरण असं : P1 शून्यावर येतो, काम 5. P2 एकावर येतो, काम 3. P3 दोनावर येतो, काम 1. क्वांटम 2. कुणी दुसरा शब्द सुचवाल का?

पैठणहून : ताई, शब्द आमच्याकडं तयारच आहे. कालव्याच्या पाण्याची जशी पाळी असते तशी ही सीपीयूची पाळी. राउंड रॉबिनला सरळ ‘शेजपाळी’ म्हणा, शेतकऱ्याचं पोरगं लगेच ओळखंल.

लातूरहून : ‘पाळी’ चालेल, पण ‘शेजपाळी’ इथं बसत नाही. शेजपाळीत पाणी एकाकडं आलं की त्याचं मंजूर क्षेत्र भिजेपर्यंत त्याच्याकडंच राहतं, मग पुढच्याकडं जातं. ते आधी येईल त्याला आधी या एफसीएफएस पद्धतीच्या जवळचं झालं, कारण तिथंही काम पुरं झाल्याशिवाय कुणाला उठवत नाहीत. वेळ ठरवून देणारी वारबंदी राउंड रॉबिनच्या त्यातल्या त्यात जवळ येते. तीही तंतोतंत नाही. वारबंदीत वेळ जमिनीच्या प्रमाणात मिळतो, क्वांटम मात्र सगळ्यांना सारखा. बोलण्यात मी ‘बारी’ म्हणतो : P1 ची बारी संपली, P2 ची आली.

पण ताईंचा प्रश्न राउंड रॉबिनच्या नावाचा नाही, वाट पाहण्याच्या वेळेच्या नावाचा आहे.

बीडहून, विद्यार्थी : सर, ‘प्रतीक्षा’मध्ये काय चुकलं? आल्यापासून सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ म्हणजे वेटिंग टाइम. मी तसंच काढतो आणि उत्तर बरोबर येतं. याच उदाहरणात एफसीएफएसनं P1 शून्यावर लागतो, P2 पाचावर, P3 आठावर. प्रतीक्षा 0, 4, 6, सरासरी 3.33. वहीत हेच उत्तर आहे.

लातूरहून : तुझं उत्तर बरोबर आहे, व्याख्या अर्धीच बरोबर आहे. एफसीएफएसमध्ये एकदा सुरू झालेलं काम थांबत नाही, म्हणून पहिल्या बारीआधीचं थांबणं हेच एकूण थांबणं ठरतं. दोन्ही वेळा जुळल्यामुळं चूक झाकली जाते. आता तुझ्याच रीतीनं राउंड रॉबिन काढ बरं.

बीडहून, विद्यार्थी : P1 लगेच लागतो, म्हणून 0. P2 दोनावर लागतो, म्हणून 1. P3 चारावर, म्हणून 2. सरासरी 1.

लातूरहून : आता हेच उदाहरण एसआरटीएफनं लाव, म्हणजे ज्याचं काम सगळ्यात कमी उरलंय त्याला आधी. P1 शून्यावर, एकावर P2, दोनावर P3, तीनावर परत P2, पाचावर P1, नवाला सगळं संपतं. संपण्याच्या वेळेतून येण्याची वेळ आणि काम वजा केलं की 4, 1, 0 येतात. सरासरी 1.67. सरासरी वेटिंग सर्वात कमी ठेवणं हेच एसआरटीएफचं वैशिष्ट्य, मग राउंड रॉबिन 1 वर कसं आलं? असं दिसलं की चार्ट पुसू नये, आधी वेळ कोणती मोजली ते तपासावं. तू मोजलास तो रिस्पॉन्स टाइम. बारी परत परत जाते-येते तिथं मधली थांबणीही धरावी लागते.

```
0    2    4   5    7   8   9
| P1 | P2 |P3 | P1 |P2 |P1 |
```

यात P1 दोनावर उठला, पाचावर परत बसला, म्हणजे 3 गेले. मग सातावर उठला, आठावर बसला, आणखी 1 गेला. एकूण 4. P2 सुरुवातीला 1 आणि चार ते सात 3, मिळून 4. P3 चे 2. सरासरी 3.33. एफसीएफएसचंही तेवढंच आलं होतं, पण तिथं रिस्पॉन्सची सरासरीसुद्धा 3.33 आहे आणि इथं ती 1 आहे. या उदाहरणात राउंड रॉबिननं एकूण थांबणं कमी केलं नाही, पहिली बारी मात्र लवकर दिली. दोन्ही वेळांना एकच शब्द वापरला तर हा फरक सांगताच येत नाही.

नांदेडहून, विचारणारी : मुलांची गल्लत नेमकी हीच होते, सर. वाट पाहणं माणूस भेटला की संपतं, म्हणून ‘प्रतीक्षा’ म्हटलं की मुलं पहिल्या भेटीशी थांबतात. चालू काम मध्येच अडलं तर आपण ‘खोळंबा झाला’ म्हणतो. मग वेटिंगला ‘एकूण खोळंबा’ आणि रिस्पॉन्सला ‘पहिल्या बारीची वाट’ लिहिलं तर?

परभणीहून : ‘खोळंबा’ मला पटत नाही. खोळंबा म्हटलं की कुठंतरी अडचण आली असं वाटतं. रेडी रांगेत उभी असलेली प्रोसेस अडलेली नसते, ती तयार असते, फक्त तिची बारी नसते. इनपुटसाठी थांबलेली प्रोसेस खऱ्या अर्थानं खोळंबलेली, आणि तो वेळ तर वेटिंगमध्ये धरतच नाहीत. पुढच्या धड्यात तिथं शब्द कमी पडेल. मी ‘रांगेतला एकूण वेळ’ लिहितो.

बाकी, वरच्या चार्टबद्दल एक शंका आहे. दोनावर P1 चा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी P3 येतो. तुम्ही P3 ला P1 च्या पुढं उभं केलंत. आमच्याकडं उठलेला आधी रांगेत जातो.

लातूरहून : ‘रांगेतला’ याबद्दलचा मुद्दा खरा आहे. चार्टची शंकाही रास्त आहे. उठलेला आधी धरला तर दोनावर रांग P2, P1, P3 होते. चारावर परत P1 बसतो, P3 सहावर लागतो, सातावर संपतो. P1 आणि P2 चे 4, 4 तसेच राहतात, P3 चे 2 चे 4 होतात, सरासरी 4. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमानं बरोबर आहेत. म्हणून चार्टच्या वर एक ओळ लिहायला लावतो : ‘एकाच वेळी आल्यास नवीन आलेला आधी’. आणि प्रत्येक रेघेखाली त्या क्षणाची रांग लिहायची. दोनाच्या रेघेखाली P2, P3, P1. चाराच्या खाली P3, P1, P2. ती नसली की तिसऱ्या बारीपासून मुलं अंदाजानं भरतात, आणि चूक कुठं झाली ते तपासणाऱ्यालाही सापडत नाही.

बीडहून, विद्यार्थी : सर, P3 चं काम 1 चंच होतं, क्वांटम 2 चा. मग तो पाचाला संपला तरी P1 सहावर बसायला नको का?

लातूरहून : नको. उरलेला क्वांटम कुणाच्या नावे जमा होत नाही. काम संपलं की पुढचा त्याच क्षणी बसतो, आणि त्याला पूर्ण 2 मिळतात, उरलेला 1 नाही. ताळा असा : सगळ्या कामांची बेरीज 9. प्रोसेसर कुठंही रिकामा राहिला नाही, तर चार्ट नवावर संपलाच पाहिजे. तू सहावर बसवलास तर तो दहावर जाईल. मात्र ही बेरीज जुळली म्हणून रांगेचा क्रमही बरोबर आहे असं धरू नकोस. वरचे दोन्ही चार्ट नवावरच संपतात.

नांदेडहून, विचारणारी : टिपणांत रिस्पॉन्सला ‘पहिल्या बारीची वाट’ पक्कं केलं. वेटिंगला सध्या ‘रांगेतला एकूण वेळ’ लिहिते, पण इनपुट-आउटपुटचं उदाहरण येईपर्यंत ‘खोळंबा’ मनातून काढत नाही. प्रीएम्प्शनला मात्र ‘उठवणं’ लिहू का? चारचौघांत बसलेल्याला उठवल्यासारखं वाटतं.

पैठणहून : ताई, तेच तर खरं आहे. बसलेल्यालाच उठवतात.