उत्तर: फ्रेंचमधून उशीर आणि प्लॅटफॉर्म विचारणं

"तिकीट मागता येतं, पण गाडीचा उशीर आणि प्लॅटफॉर्म कसा विचारायचा?"

तिकीट मागण्याची वाक्यं पाठ असणं चांगलंच, पण तिकीट खिडकीवरचा माणूस उलट काय बोलेल तेही कानावरून गेलेलं हवं. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरचा हा प्रसंग घ्या:

– बाँझूर. अँ आले सँप्ल पूर लियाँ, सिल वू प्ले. (लियाँचं एकेरी तिकीट द्या.)
– व्वाला.
– ल त्रँ ए आ लर? (गाडी वेळेवर आहे ना?)
– नाँ, इल आ व्हँ मिन्युत द रतार. (वीस मिनिटं उशीर आहे.)
– इल पार द केल व्वा? (कुठल्या प्लॅटफॉर्मवरून सुटेल?)
– स ने पा आँकोर आफिशे. (अजून फलकावर लागलेलं नाही.)

हे शेवटचं वाक्य ऐकून पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याला खरंच माहीत नसतं. मोठ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्म साधारण सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधीच फलकावर येतो. तोवर फलकाखाली थांबायचं, गाडी तिच्या नंबरावरून ओळखायची.

याच स्टेशनवर आणखी एक फसगत होते. पहिल्या हॉलमधल्या प्लॅटफॉर्मना अक्षरं आहेत, दुसऱ्यातल्यांना आकडे. फ्रेंचमध्ये G ला 'झे' म्हणतात आणि J ला 'झी', म्हणजे आपल्या शाळेतल्या इंग्रजीच्या नेमकं उलट. 'व्वा झे' ऐकून आपण J कडे धावतो आणि गाडी G वर उभी असते. खिडकीवरच अक्षर कागदावर लिहून मागा: "वू पूव्हे लेक्रीर?"