डायब्लो 2 मधली सोर्सरेस अडकली: नवीन कॅरेक्टर घेऊ की रिस्पेक करू? (सल्ला हवा)

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. मी दिग्रसकडचा, यवतमाळ जिल्हा. नागपूरहून जुना लॅपटॉप घेतला आहे, 4 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर डायब्लो 2 मस्त चालते, आवृत्ती 1.14डी, विस्तारासकट. नेट लागत नाही म्हणून हीच खेळून राहिलो.

माझी सोर्सरेस लेव्हल 43 वर आहे. नॉर्मल काठिण्यपातळी पूर्ण केली, एकही क्वेस्ट सोडली नाही. नाइटमेअरमध्ये राडामेंटला मारलं आणि आता तिसऱ्या अंकातल्या जंगलात आहे. तिथं दोन-तीन राक्षस एकदम आले की मरतो. माझे पॉइंट असे आहेत: फायर बोल्ट 6, फायर बॉल 7, वॉर्म्थ 4, आइस बोल्ट 5, फ्रोझन आर्मर 4, चार्ज्ड बोल्ट 5, लाइटनिंग 5, स्टॅटिक फील्ड 3, नोव्हा 6, टेलिकायनेसिस 2. सारे वापरून झाले, एकही शिल्लक नाही. एनर्जीत लय पॉइंट टाकलेत, 120 च्या वर.

नॉर्मलमधलं रिस्पेक, म्हणजे टाकलेले पॉइंट परत घेऊन नव्यानं वाटणं, मी लेव्हल 8 लाच फक्त पाहायचं म्हणून वापरून टाकलं. नाइटमेअरमध्ये अकारा ते देतच नाही, तिच्या बोलण्यात पर्यायच दिसत नाही. माझा मित्र म्हणते का क्लासवाला गेम घेतलाच कायले, ट्रीवाला घेतला असता तर अडकलाच नसता. हे खरं आहे का? आणि आता काय करू?

रात्रपाळी

मित्राचं बरोबर आहे. क्लास म्हणजे एकदा निवडलं की कायमचं, ट्री म्हणजे हवं तेव्हा मोडता येतं. डायब्लोमध्ये क्लास आहे म्हणून अडचण. पाथ ऑफ एग्झाइल घे, फुकट आहे, तिथं सगळ्यांना एकच मोठी ट्री.

संत्राबाग_काटोल

रात्रपाळी भाऊ, अर्धं बरोबर आहे, पण अर्ध्यावरून ह्या भावानं गेम बदलला तर त्याचा डाटा वाया जाईल.

डायब्लो 2 मध्ये क्लास आणि ट्री दोन्ही आहेत. ट्री म्हणजे स्किलची फांद्यांसारखी मांडणी, आणि क्लास ठरवतो की कोणत्या तीन ट्री तुझ्या. सोर्सरेस घेतली की आग, थंडी आणि वीज. त्या तीन ट्रींच्या आत कुठं पॉइंट टाकायचे ते तू ठरवतोस. रिस्पेक हे फक्त आतल्या पॉइंटला लागू होतं. सोर्सरेसची बार्बेरियन कधीच होत नाही. कपाशी पेरली तर खताची मात्रा पुढं बदलता येते, पण त्या तासात तूर उगवत नाही, तसंच.

आणि ट्री असली की मोडता येतेच असंही नाही. हाच गेम 2000 साली आला तेव्हा रिस्पेक नव्हतंच. चुकीचा पॉइंट पडला की नवीन कॅरेक्टर. अकाराची सोय 2010 च्या 1.13 पॅचमध्ये आली. उलट बाल्डर्स गेट 3 हा पूर्ण क्लासवरचा गेम आहे, आणि तिथं तळावर विदर्स नावाचा सांगाडा 100 सोन्याच्या नाण्यांत तुमचा क्लाससुद्धा बदलून देतो, कितीही वेळा. म्हणजे काय परत मिळतं ते क्लास की ट्री यावर नाही, गेम बनवणाऱ्यानं कोणता निर्णय पक्का ठेवला त्यावर आहे.

आता तुझं. मी तुझे पॉइंट मोजले, 47 भरतात. लेव्हल 43 पर्यंत 42 मिळाले. नॉर्मलच्या क्वेस्टचे 4: डेन ऑफ ईव्हिल 1, राडामेंट 1, इझुअल 2. नाइटमेअरचा राडामेंट 1. झाले 47. नाइटमेअरची डेन केली असती तर 48 असायला हवे होते. तू ती डेन सोडून पुढं गेलास. अकारा रिस्पेक देते ते त्याच डेनचं बक्षीस म्हणून, दर काठिण्यपातळीला एक. क्वेस्टच्या पानावर पहिला चौकोन बघ.

कपाशीवाला

हाव दादा! पाहिलं. ती क्वेस्ट तशीच पडली आहे. मी सरळ रस्त्यानं निघून गेलो होतो, वाटलं ती एकदा झाली म्हणजे झाली.

संत्राबाग_काटोल

वेपॉइंटनं पहिल्या अंकात जा, ब्लड मूरमधली गुहा साफ कर. लेव्हल 43 ला ती सोपी जाईल. एकच ध्यानात ठेव, गुहा एका बैठकीत संपवायची. मधेच गेम बंद झाला तर सगळे राक्षस परत उभे राहतात. शेवटचे पाच उरले की पडद्यावर आकडा यायला लागतो, तोपर्यंत कोपरे सोडू नको. तुमच्याकडं लाइन जात असेल तर लॅपटॉप आधी चार्ज करून बस.

पण अकाराकडं लगेच जाऊ नको. आधी वहीत योजना लिही, कारण हेलचं एक सोडलं तर तुझ्याकडं हे एकच आहे.

ताडोबा_ताई

मला इथं माझं सांगावंसं वाटतं, कारण मी पाथ ऑफ एग्झाइलच खेळत होते आणि तिथं जास्त वाईट अडकले. सात क्लास, पण ट्री सगळ्यांची एक. क्लासनं फक्त एवढंच ठरतं की तुम्ही ट्रीच्या कोणत्या बाजूनं आत शिरता. बाजार एकच, प्रत्येक गावची वाट वेगळी. मी मरॉडर घेतला, म्हणजे ताकदीच्या बाजूनं शिरले, आणि नंतर मला जादू करावीशी वाटली. त्या भागापर्यंत पोचायलाच कितीतरी पॉइंट रस्त्यात गेले.

तेव्हा परत घ्यायला एक-एक पॉइंटला एक ऑर्ब ऑफ रिग्रेट लागायचा. शिवाय मधला पॉइंट काढता येत नाही, कारण पुढचे सगळे त्याला जोडलेले असतात. टोकापासून सोलत मागं यावं लागतं. माझे ऑर्ब अर्ध्यातच संपले, जुनी ट्री मोडलेली आणि नवी झालेली नाही. शेवटी विच घेऊन पहिल्यापासून सुरू केलं. त्यामुळं ट्रीवाल्या गेममध्ये अडकत नाही हे मला पटत नाही.

रात्रपाळी

ताई, हे मला माहीत नव्हतं. मी तो गेम वीसेक लेव्हलच खेळलो, तेवढ्यात क्वेस्टमधून मिळालेले परतीचे पॉइंट पुरले होते. म्हणून तसं वाटलं.

पैनगंगा

लेव्हल 43 वर मरतो म्हणजे कपडे खराब असतील. जुगार खेळणारा घीड आहे ना, त्याच्याकडून ढाली घे. रिस्पेक वगैरेची गरज नाही.

संत्राबाग_काटोल

पैनगंगा भाऊ, कपडे हा प्रश्न असता तर मी तेच म्हटलं असतं. पण सोर्सरेसच्या जादूचा मारा हत्यारावर फार अवलंबून नसतो, तो स्किलच्या पातळीवर असतो. हिच्या कोणत्याच स्किलमध्ये 7 च्या वर पॉइंट नाहीत. दहा ठिकाणी थोडं-थोडं पाणी दिलं आणि एकही झाड वाढलं नाही.

2003 च्या 1.10 पॅचपासून या ट्रीत सिनर्जी आहे. खालच्या स्किलमध्ये टाकलेला पॉइंट वरच्या स्किलचा मारा वाढवतो. म्हणून एकाच फांदीत भरणाऱ्याला दुप्पट फायदा, विखुरणाऱ्याला काहीच नाही. ब्लिझर्डला आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक यांच्या प्रत्येक पॉइंटला 5 टक्के मिळतात.

आता हिशोब. ब्लिझर्ड लेव्हल 24 ला उघडतं आणि त्यानंतर दर लेव्हलला त्यात एकच पॉइंट टाकता येतो. 43 ला बरोबर 20 भरतात, आणि 20 हीच कमाल आहे. म्हणजे तुझी वेळ अगदी योग्य आहे. ब्लिझर्ड 20. तिथं पोचायला आइस बोल्ट, आइस ब्लास्ट, फ्रॉस्ट नोव्हा आणि ग्लेशियल स्पाइक यांत एकेक, झाले 24. वॉर्म्थ, स्टॅटिक फील्ड, टेलिकायनेसिस आणि टेलिपोर्ट यांत एकेक, झाले 28. कोल्ड मास्टरीत 5, झाले 33. उरलेले 15 आइस ब्लास्टमध्ये, म्हणजे तिथं एकूण 16. सिनर्जीचे 18 पॉइंट झाले, ब्लिझर्डचा मारा 90 टक्क्यांनी वाढला.

15 आइस ब्लास्टमध्येच का, तर ब्लिझर्ड एकदा टाकलं की पुढचं टाकायला 1.8 सेकंद थांबावं लागतं. त्या मधल्या वेळात आइस ब्लास्ट मारायचा. सिनर्जीही मिळते आणि हातही रिकामा राहत नाही.

एक फसगत मात्र नक्की होते. रिस्पेक स्किलबरोबर स्टॅटही परत देतं. तुझी ताकद एकदम 10 वर येईल आणि अंगावरचं चिलखत लाल होईल. लाल वस्तूचा कुठलाच फायदा मिळत नाही. म्हणून आधी अंगावरच्या वस्तूंमध्ये ताकदीची सर्वांत मोठी अट किती ते लिहून ठेव.

कपाशीवाला

सर्वांत मोठी अट 51 आहे, चिलखताची.

संत्राबाग_काटोल

मग ताकदीत 41. तुला एकूण 215 परत मिळतील: 42 लेव्हलचे पाच-पाच, आणि नॉर्मलमधल्या लॅम एसेनच्या पोथीचे 5. उरतात 174. माझ्या मते सगळे व्हायटॅलिटीत. एनर्जीत शून्य.

ताडोबा_ताई

एनर्जीत शून्य हे मला नव्या माणसासाठी जड वाटतं. 20 पातळीचं ब्लिझर्ड माना, म्हणजे जादूला लागणारी शक्ती, खूप खातं. वॉर्म्थ 1 वर मी सारखी निळ्या बाटल्या पीत होते. 30-40 तरी ठेव.

संत्राबाग_काटोल

ताई, ते मीही खूपदा ऐकलं आहे. पण एनर्जीत टाकलेलं पुढं चांगल्या वस्तू मिळाल्या की निरुपयोगी होतं, आणि तोपर्यंत रिस्पेक संपलेलं असतं. बाटल्या तर विकत मिळतात. भावानं स्वतः ठरवावं. स्टॅट पॉइंट एकदम सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही. 40 न वापरता बाजूला ठेव, दोन दिवस खेळून बघ आणि मग कुठं टाकायचे ते ठरव.

कपाशीवाला

झालं दादा! काल दुपारी लाइन गेली तेव्हा गुहेत सात-आठच राहिले असतील आणि बॅटरी संपली, म्हणून रात्री पुन्हा पहिल्यापासून साफ केली. अकारानं पर्याय दिला. वहीतल्यासारखेच 48 टाकले, 40 स्टॅट बाजूला ठेवले. चिलखत लाल झालं होतं, ताकद 51 करताच परत ठीक झालं. जंगलातले ते बुटके राक्षस ब्लिझर्डमुळं माझ्याजवळ पोचतच नाहीत. मी त्यांना ओढून आणतो आणि जागा बदलून घेतो. माना मात्र खरंच संपते, ताईंचं खरं आहे.

आता एक विचारतो. पुढं हेलमध्ये थंडीचा असर न होणारे राक्षस असतात म्हणे. त्यांचं काय?

संत्राबाग_काटोल

असतात, आणि कोल्ड मास्टरी त्यांच्यावर चालत नाही. ती प्रतिकार कमी करते, पण पूर्ण अभेद्य असलेल्याला तोडत नाही. मी अशा जागा टाळून पुढं जातो आणि बाकीचं काम भाडोत्री सैनिकावर सोडतो.

रात्रपाळी

मी तर म्हणेन हेलचं रिस्पेक त्यासाठीच ठेवावं आणि ब्लिझर्डच्या सिनर्जी कमी करून फायर बॉल जोडावा.

संत्राबाग_काटोल

दोन्ही अर्धे राहण्याची भीती आहे, पण करणारे करतात. आणि हेलमध्ये मोठ्या राक्षसांकडून चार प्रकारची इसेन्स मिळतात. चारही एकत्र करून होराड्रिक क्यूबमध्ये टाकली की आणखी एक रिस्पेक मिळतं. म्हणजे तिथं पोचलास तर करून बघायला वाव आहे.

वर्धा_नदीकाठ

उशिरा आलो. ह्याच लॅपटॉपवर टॉर्चलाइट 2 पण चालेल, कमी ताकदीच्या मशीनसाठी वेगळी सेटिंग आहे त्यात. पण तिथं रिस्पेकवाला माणूस फक्त शेवटचे तीनच पॉइंट परत देतो, हे आधीच ध्यानात घे.